मधलीला सांग

घरात कोण कसल्या मनःस्थितीत आलं आहे, हे मधल्या काकीला चपलांच्या आवाजावरून कळायचं. ती मागच्या बाजूला विळीवर भोपळा चिरत असली, तरी पुढच्या ओटीवर चपला कशा पडल्या ते तिला ऐकू यायचं. एक चप्पल आधी नि दुसरी जरा थांबून पडली, तर माझे वडील, म्हणजे दादा, शाळेत कुणाशी तरी वाजवून आले आहेत असं समजायचं. मग ती विळी बाजूला करून उठायची. मांजराला बाहेर घालवायची, रेडिओ बारीक करायची, माझ्या आईला काहीतरी निमित्त काढून विहिरीवर पाठवायची आणि दादांसमोर पाण्याचा तांब्या ठेवून काही न बोलता आत यायची. दोन मिनिटांत घर बदललेलं असायचं. वादळ आलं असतं हे बाकी कुणाला कळायचंही नाही. आम्हांला वाटायचं, आमचं घर मुळातच शांत.

तिला सगळे ‘मधली’ म्हणायचे. तीन भावांतल्या मधल्याची बायको, म्हणून मधली. आम्ही पोरं मधली काकी म्हणायचो. थोरले माझे वडील, रत्नागिरीतच एका शाळेत शिक्षक. धाकटे भाई, मुंबईला नोकरीत. मधले नानाकाका बोटीवर. ते नऊ-नऊ महिने समुद्रावर असायचे आणि घरी आले की महिनाभर पाहुण्यासारखे राहायचे. काकीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे घरात तिची स्वतःची अशी बाजू नव्हती, आणि ज्याला बाजू नाही त्याच्याकडे सगळ्यांनी आपापली बाजू मांडावी, असं कुणीही न ठरवता ठरून गेलं होतं.

“मधलीला सांग,” हे आमच्या घरातलं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य असेल. दादांचं आईशी बिनसलं की ते हवेत बघून म्हणत, “मधलीला सांग, मला आज जेवायला नको.” आई म्हणे, “मधले, सांग त्यांना, उपाशी राहून कुणावर उपकार होत नाहीत.” काकी ओटीवर जाऊन दादांना सांगे, “वैनी म्हणतायत, दोन घास तरी खा, नाहीतर त्यांच्याच घशाखाली उतरणार नाही.” आणि आत येऊन आईला म्हणे, “भावोजी येतायत. पोटात जरा आग पडली होती म्हणून तसं म्हणाले.” दोघं जेवायला बसत. आपण जे बोललो ते पलीकडे पोचलेलं नाही, याचा दोघांनाही पत्ता नसे.

दुपारी जेवणं झाली की आई आणि काकी मागच्या पडवीत तांदूळ निवडायला बसत. आई सुपात बोट फिरवता फिरवता सगळं ओतायची. दादा काय म्हणाले, वीस वर्षांपूर्वी काय म्हणाले होते, माहेरी कोण काय बोललं. काकी ‘हूं’, ‘खरंच गो’, ‘सोसलंत हो वैनी’ एवढंच म्हणायची. सल्ला कधी देत नसे. सल्ला दिला की माणूस बोलायचं थांबतो, हे तिला ठाऊक असावं. तासाभराने आईचा चेहरा धुतल्यासारखा होई. ती उठून गुणगुणत चहाचं आधण ठेवी. काकी मात्र सूप मांडीवर तसंच घेऊन बसून राही. तिच्या मांडीवर आता आईचा सगळा राग होता, आणि त्याच दादांना संध्याकाळी तिलाच वाढायचं होतं, मान वर करून, चेहऱ्यावर काही दिसू न देता. आईचं दादांना नि दादांचं आईला कळू द्यायचं नाही. मुंबईच्या जावेने आईबद्दल काय म्हटलं ते विसरायचं नाही, पण आठवतं असं दिसू द्यायचं नाही. कोणता विषय कुणासमोर निघाला तर पेटेल याची यादी ती डोक्यात घेऊन वावरायची, आणि ही यादी रोज बदलायची.

मग ती विहिरीवर जायची. गरज असो नसो, रहाटाने पाणी ओढत राहायची. डोण काठोकाठ भरून पाणी अळवात वाहून जाई तरी ती थांबत नसे. मी एकदा म्हटलं, “काकी, पुरे ना आता.” ती दचकली. मग हसून म्हणाली, “हात मोकळे केले जरा.” तिच्या तळव्यांना घट्टे होते. पोट कायम बिघडलेलं असायचं. फडताळात तिची सोड्याची पूड एका बाटलीत असे, ती पाण्यात घालून उभ्या उभ्या प्यायची. दुपारी कधी मी तिच्या शेजारी चटईवर आडवी झाले, तर झोपेत ती दात खाताना ऐकू येई, कोरड्या भाकरीचे तुकडे मोडावेत तसा आवाज. चाळिशीच्या आत तिच्या दोन दाढा तुटल्या. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “बाई, एवढा राग कुणावर आहे?” ही गोष्ट ती आम्हांला विनोद म्हणून सांगायची. “मला नि राग!” म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा.

तिच्या वडिलांची तार आली तो दिवस मी विसरू शकत नाही. आई-दादांचा चार दिवसांचा अबोला त्या सकाळी सुटला होता. कसा, ते काकीलाच माहीत. दादा स्वतःहून म्हणाले होते की आज सगळे एकदम जेवायला बसू. पोस्टमन मागच्या दाराने आला तेव्हा काकी एकटीच तिथे होती. मी न्हाणीतून बाहेर येत होते. तिने तार वाचली, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवली. मग पानं घेतली. सगळ्यांना वाढलं. दादांनी आमटी पुन्हा मागितली, ती वाढली. आई कशावर तरी हसली, त्यावर काकीही हसली. पानं उचलून झाल्यावर, शेण फिरवून झाल्यावर ती आईजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, “वैनी, मला गुहागरला जायला हवं. बाबा गेले.” तार कधी आली हे कळल्यावर आई किंचाळलीच. “अगो, मग बोलली का नाहीस?” काकी म्हणाली, “तुम्ही दोघं बोलत होतात ना.”

त्या वेळी सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. केवढं मन, केवढा संयम. आज मला वाटतं, त्या दिवशी तिला कुणीतरी रागवायला हवं होतं.

मीही तिचा वापर केला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना दादांनी माझ्यासाठी एक स्थळ पक्कं करत आणलं होतं. मला तो मुलगा नको होता, पण दादांना सांगायची छाती नव्हती. मी काकीकडे जाऊन रडले. तिने विचारलं, “नको ते नक्की ना?” मी म्हटलं, नक्की. ती ओटीवर गेली. मी दाराआडून ऐकत होते. माझं नावही तिने काढलं नाही. “भावोजी, मला तो मुलगा पसंत नाही,” म्हणाली. “बोलताना नजर ठरत नाही त्याची. माझं मन घेत नाही.” दादा भडकले. “तुला कुणी विचारलं? तुझ्या मनाचा इथे काय संबंध?” ती उभी राहून ऐकत राहिली. स्थळ मोडलं. दोन महिने दादा तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. आणि मी? मी हलकी होऊन कॉलेजला जाऊ लागले. त्या दोन महिन्यांत मी एकदाही तिला विचारलं नाही की तुला कसं वाटतंय. ते विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आता त्या गणपतींकडे यायला हवं.

आमच्या घरी पूजेला दरवर्षी दादा बसत. एका वर्षी भाई बायकामुलांसकट आदल्या दिवशी आले आणि हौसेने म्हणाले, “यंदा मी बसतो.” दादा काही बोलले नाहीत. सकाळी भाई सोवळं नेसून पाटावर बसायला गेले, तेव्हा भटजींसमोर, शेजारपाजाऱ्यांसमोर दादा म्हणाले, “पाहुण्यांनी पाहुण्यासारखं बसावं. वर्षातून चार दिवस यायचं नि पूजेला बसायचं, हे बरं आहे.” भाई उठले. सोवळं सोडून त्याची नीट घडी घालून पाटावर ठेवली आणि दुपारच्या एसटीने मुलांना घेऊन निघून गेले. नैवेद्याच्या मोदकांतला एकही त्यांनी तोंडात घातला नाही.

तीन गणपती भाईंशिवाय झाले. दादा त्यांचं नाव काढत नसत. पण आरतीच्या वेळी झांजा भाईंच्या असायच्या, त्या कुणी उचलल्या की दादांचा आवाज चिरकायचा. काकीने ते ऐकलं होतं. तिने भाईंना पत्रं लिहायला सुरुवात केली. भाईंचं उत्तर तिच्या नावावर येई. पत्र आलं की दादा पेपर पुढे धरून बसत. पत्र हातात घेणं त्यांच्या मानात बसत नव्हतं. “मला नको दाखवू,” म्हणत. “काय लिहिलंय तेवढं सांग.”

एका संध्याकाळी ती ओटीवर उभी राहून असंच एक निळं आंतर्देशीय पत्र वाचून दाखवत होती. मी तिच्या मागे खांबाला टेकून उभी होते. ती वाचत होती, “त्या दिवशी दादांसमोरून मी असा उठून जायला नको होतं. ते वडिलांच्या ठिकाणी आहेत. माझी चूक मला इकडे बसून कळते आहे.” दादांच्या हातातला पेपर हळूहळू खाली आला. माझी नजर तिच्या खांद्यावरून पत्रावर गेली. पत्रात लिहिलं होतं, मुलांच्या परीक्षा झाल्या, शीलाला सर्दी आहे, तिकडे आंबा कसा आहे, कळावे. एवढंच. बाकी पत्र कोरं होतं, आणि काकी त्या कोऱ्या जागेवर डोळे फिरवत, अडखळत, अक्षर लागत नाही असं दाखवत वाचत होती.

मी तिला आत गाठलं. “काकी, त्यात तसं नव्हतं.”

तिने पत्राची घडी पोलक्यात सरकवली. “मनात असेल गो. मनातलं सगळं माणूस थोडंच लिहितो?”

“आणि मनात नसेल तर?”

“तर भेटल्यावर येईल,” ती म्हणाली. “भेटायला तर हवेत.”

तिकडे भाईंना तिने काय लिहिलं ते मला नंतर कळलं. दादा म्हणतात की माझं बोलणं चुकलं. पण थोरल्याला ते स्वतःच्या तोंडाने म्हणवत नाही, म्हणून तुम्हीच या. दोघांना दोन माफ्या पोचल्या. दोन्ही तिने स्वतःच घडवलेल्या. त्या वर्षी भाई आले. दादांनी स्वतः त्यांच्यासाठी पाट मांडला. भाईंनी वाकून नमस्कार केला, दादांनी पाठीवर हात ठेवला, आई डोळे पुसत आत पळाली. नानाकाकाही नेमके सुट्टीवर घरी होते. काकी चुलीपाशी मोदकांची उकड मळत होती. तिचा चेहरा मला आठवतो. आनंद होता, पण त्याहून जास्त भीती होती. डोक्यावर भरलेली घागर घेऊन घसरड्या पायऱ्या उतरणाऱ्या बाईची असते तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणानंतर, सगळे ओटीवर सुपारी कातरत बसले होते. दादा खूष होते. ते भाईंना म्हणाले, “तू पत्रात चूक कबूल केलीस ना, तिथेच मी सगळं सोडून दिलं बघ.”

भाई हसत होते ते थांबले. “कसली चूक? मी कुठे कबूल केली? तुम्हीच मधल्या वैनींना लिहायला सांगितलंत ना, की तुमचं बोलणं चुकलं म्हणून?”

“मी?”

“तुम्ही.”

अडकित्त्याचा आवाज थांबला. दादा म्हणाले, “मधलीला बोलव.”

ती पदराला हात पुसत आली. दादांनी पत्र मागितलं. ती उंबऱ्याकडे बघत म्हणाली, “पत्रात तसं नव्हतं, भावोजी. भाईंनी तसं लिहिलं नव्हतं आणि तुम्हीही तसं म्हणाला नव्हतात. मी पदरचं घातलं.”

“माझ्या तोंडी माफी?” दादा उठून उभे राहिले. “माझ्या?”

“म्हणजे आम्ही दोघं तुमच्या हातातल्या बाहुल्या,” भाई म्हणाले. “वैनी, तुम्हांला मी आईच्या जागी मानत होतो हो.”

आई दारात उभी होती. जिचं वीस वर्षांचं सगळं काकीने मांडीवर घेतलं, ती आई म्हणाली, “मला तरी सांगायचंस. म्हणजे मला यांचे म्हणून जे निरोप सांगायचीस, त्यातलं खरं किती नि पदरचं किती?” भाईंची बायको, शीलाकाकू, म्हणाली, मला आधीपासूनच शंका होती. शेवटी काकीने नानाकाकांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून बसले होते. खाली बघत ते म्हणाले, “तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला?”

दादांनी एकाएकी माझ्याकडे वळून विचारलं, “तू तेव्हा तिथेच उभी असायचीस. तुला माहीत होतं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “नाही.”

काकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. ती दादांना म्हणाली, “तिला काही माहीत नव्हतं.” आणि आत निघून गेली.

त्यानंतर जे झालं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. दादा आणि भाई भांडले नाहीत. दोघांना एकच राग आला होता, आणि त्या रागाने त्यांना जवळ आणलं. दोघं संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दल बोलत राहिले. अशी कशी, एवढी कशी धजावली. विसर्जनाला दोघं खांद्याला खांदा लावून मूर्ती घेऊन मांडवीच्या समुद्रावर गेले. काकीने जे एवढे दिवस मागितलं होतं ते तिला मिळालं होतं. ती घरी पितळेची पातेली घासत होती. ‘तू येतेस का’ असं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या दिवसापासून तिने ते काम सोडलं. रुसली नाही, आदळआपट केली नाही, कामात कसूर केली नाही. फक्त कुणी म्हणालं, “मधलीला सांग,” तर ती शांतपणे म्हणायची, “त्यांना तुम्हीच सांगा.” चपला कशाही पडल्या तरी विळीवरून उठायची नाही. दुपारी तांदूळ निवडायला बसायची, पण आईने सुरुवात केली की म्हणायची, “वैनी, आज नको.”

आणि मग आम्हांला कळलं की आमचं घर मुळात कसं होतं. दादांचा शब्द आता थेट आईच्या अंगावर जायचा, आईचा दादांच्या. मी तेवीस वर्षांची होईपर्यंत वडिलांनी भरलं ताट भिरकावलेलं पाहिलं नव्हतं. ते त्या वर्षी दोनदा पाहिलं. आईचा रक्तदाब वाढल्याचं निदान झालं. दिवाळीच्या आत भाईंचं नि दादांचं पुन्हा बिनसलं, आणि या वेळी तर कारणही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. या सगळ्याचा दोष कुणाकडे गेला, तर तिच्याकडेच. मधली फार बदलली. मधलीला गर्व झालाय. पूर्वी घराला किती धरून असायची.

वर्षभराने गुहागरला तिची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. आईला बघायला म्हणून काकी गेली ती तिकडेच राहिली. नानाकाका बोटीवरून आले की पहिल्यांदा आमच्याकडे दोन दिवस येत आणि मग गुहागरला जात. कुणी विचारलं तर म्हणत, “तिच्या आईचं करायला कुणी नाही.” ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

दोन वर्षांनी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, वाणी मात्र शाबूत राहिली, आणि ती पूर्वीहून तिखट झाली. भाई धावत येऊन राहिले होते, आणि दादांना मुंबईला न्यावं की नाही यावरून ते आणि आई यांच्यात रोज कडाक्याची भांडणं होत. मीही आता शाळेत शिकवत होते; तिथून येऊन मधे उभी राहायची. एका सकाळी दादा म्हणाले, “मधलीला बोलावून घे. ती असली की हे सगळे गप्प राहतात.” तो निरोप घेऊन मी चिपळूणवरून एसटी बदलून गुहागरला गेले.

काकी माहेरच्या माडांत शिंपणं करत होती. केस पांढरे झाले होते, पण अंगावर थोडं मांस आलं होतं. तिने मला सोलकढी दिली, तिच्या अंथरुणातल्या आईला माझी ओळख करून दिली. मग मी आवाज मऊ करून म्हटलं, “काकी, दादा तुझी फार आठवण काढतात. म्हणाले, मधलीला सांग, माझं चुकलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “भावोजी असं म्हणाले?”

मी सोलकढीचं भांडं तोंडाला लावलं.

“काय म्हणाले ते नीट सांग.”

मी खरं सांगितलं. तिने मान हलवली. “हां. हे त्यांचं बोलणं.” मग माझा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला. “हे तू कधीपासून करायला लागलीस? झोप लागते तुला?”

मला रडू फुटलं. खरंच लागत नव्हती. ती बोलू लागली, तुटक तुटक. “मला वाटायचं गो, माझा स्वभावच तसा. कुणाचा आवाज चढला की माझ्या इथे,” तिने छातीखाली मूठ ठेवली, “काहीतरी आवळायचं. ते सुटावं म्हणून मी धावायची. त्यांच्यासाठी नाही, ते आवळलेलं सुटावं म्हणून. त्यांचं सुटायचं. माझं तसंच राहायचं. इथे आले तर पहिले सहा महिने दुपारी दचकून उठायची, कोण भांडतंय म्हणून. कुणी नसायचं. आई झोपलेली, बाहेर माड. मग बसून रडायची. कशासाठी ते कळायचं नाही. इतक्यांचं भरलं होतं आत, त्यात माझं कुठलं ते सापडायला वेळ लागला. बाबा गेले त्याचं रडू मला इथे आल्यावर आलं. किती वर्षांनी!”

“काकी,” मी म्हटलं, “त्या दिवशी ओटीवर मी खरं बोलायला हवं होतं.”

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे गो, लहान होतीस. आयुष्यभर ती हेच म्हणत आली होती.

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं. तू एक बोलली असतीस तर मला पुरलं असतं.”

मग ती उठली आणि माझ्यासाठी भात टाकला. निघताना एवढंच म्हणाली, “मी येणार नाही. भावोजींना तसंच सांग. गोड करू नकोस.”

मी परतले तेव्हा दादा खिडकीकडे तोंड करून पडले होते. “काय म्हणाली?”

“येणार नाही म्हणाली.”

ते थांबले. मला माहीत होतं ते कशासाठी थांबलेत. इथे नेहमी पुढचं एक वाक्य यायचं, जखमेवर ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखं. ते माझ्या जिभेवर तयारही होतं.

“तेवढंच?” दादांनी विचारलं.

“तेवढंच.”

त्यांनी डोळे मिटले. पुढच्या पौषात ते गेले. काकीला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही आणि स्वतः काही सांगितलंही नाही. आजारी माणसाला एक खोटं वाक्य द्यायला माझं काय गेलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारते. उत्तर दर वेळी वेगळं येतं.

तेराव्याला काकी आली. आईच्या शेजारी बसली, तिचा हात धरला. जेवणं झाल्यावर भाई तिच्याजवळ सरकले. “मधल्या वैनी, आता तुम्हीच वैनींना जरा समजावा. त्या माझं ऐकून घेत नाहीत.” दुसऱ्या बाजूने आईने तिचा पदर ओढला, “मधले, बघ हे काय म्हणतायत ते.” मी तिचा चेहरा पाहिला. गालाची शीर एकदा ताठ झाली, मग सैल पडली.

“माझी साडेतीनची गाडी आहे,” ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

तिला पोचवायला मी स्टँडवर गेले. गाडी लागायची होती. फलाटाच्या टोकाला, टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणींच्या मागे आम्ही उभ्या होतो. अचानक काकी रडू लागली. मी तिला कधीच रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर पदर न घेता, मोठ्याने, माणसं वळून बघतील अशी ती रडत होती. दादांसाठी की आणखी कशासाठी, मला कळलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “काकी, असं नको ना, अगो—”

तिने माझा हात बाजूला केला. “समजूत घालू नकोस,” ती म्हणाली. “रडू दे मला.”

मी तिची पिशवी हातात घेतली आणि शेजारी उभी राहिले. गाडी लागली, माणसं चढायला लागली, कंडक्टरने दोनदा हाक मारली. ती रडत होती. मी काही बोलले नाही.